नवीन गिऱ्हाईक आणायला ३०० रुपये जाहिरातीत जातात, पहिल्या ऑर्डरवर १५० सुटतात. बंद करू का चालू ठेवू?

घाणा_समुद्रपूर
नमस्कार मंडळी. आमचा लाकडी घाणा आहे, जाम चौरस्त्यापासून आत गाव आहे. शेंगदाणा तेल मुख्य, जवस आणि करडई थोडं थोडं. आजूबाजूच्या गावात विकतोच पण दोन वर्षापासून पुण्या-मुंबईकडे कुरिअरने पाठवून राहिलो आणि मागच्या जुलैपासून मोबाईलवर जाहिरात सुरू केली. रोजचे ३०० रुपये.

आता घरात वाद सुरू आहे. मिस्टर म्हणतात की एका नवीन माणसामागे ३०० रुपये घालते आणि त्याच्या पहिल्या ऑर्डरीत १५० उरतात, म्हणजे प्रत्येक डब्यामागे दीडशे आपण पदरचे देऊन राहिलो, हे बंद कर. मी म्हणते लोक परत घेतात ना, तेव्हा निघते. पण किती निघते ते मला कागदावर दाखवता येत नाही. आमच्या वहीत एकूण ४१२ गिऱ्हाईक आहेत, त्यातल्या १४० जणांनी एकापेक्षा जास्त वेळा घेतलं. म्हणजे ३४ टक्के. यावरून एका माणसामागे किती खर्च करणं परवडते हे कसं काढायचं? कोणी केलं असेल तर सांगा.

अकोट_डिजिटल
ताई एकदम सोपं आहे. तुमचं सरासरी बिल किती? समजा हजार-अकराशे. परत घेणारा माणूस वर्षात ४-५ वेळा घेणार. म्हणजे एका गिऱ्हाइकाची किंमत झाली पाच हजार. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खर्च चालतो, म्हणजे तुम्ही दीड हजारापर्यंत बिनधास्त जाऊ शकता. ३०० म्हणजे तर लई स्वस्त पडून राहिलं तुम्हाला. रोजचे ३०० चे १००० करा, हीच वेळ आहे.

वर्धेकर
थांबा भाऊ, एवढी घाई नका करू, ताई उद्याच बजेट वाढवतील आणि दाणा घ्यायला पैसे उरणार नाहीत.

पाच हजार ही विक्री झाली. त्यातला दाणा शेतकऱ्याचा, कुरिअर कुरिअरवाल्याचं. जाहिरातीचे पैसे विक्रीतून नाही, ऑर्डरमागे जे हातात उरते त्यातून द्यायचे असतात. आणि "परत घेणारा माणूस ४-५ वेळा घेतो" हे खरं असलं तरी १०० पैकी ६६ जण परत येतच नाहीत, त्यांच्यावरही ३०० गेलेत की नाही? ते सोडून फक्त चांगल्या गिऱ्हाइकाची किंमत काढली तर कोणालाही परवडते असंच दिसते.

मी पुण्यात एका ऑनलाईन विक्रीच्या कंपनीत सहा वर्ष हाच हिशोब करत होतो, आता गावीच आहे. ताई आधी हे सांगा की १५० कसे काढले? एक बाटली, एक डबा, जे असेल ते पूर्ण मांडा.

घाणा_समुद्रपूर
हो सांगते. पहिल्यांदा घेणारे बहुतेक लोक एक-एक लिटरच्या ३ बाटल्या घेतात. ३६० रुपये लिटर म्हणजे १०८० बिल.

एका लिटरला आमच्या घाण्यावर २ किलो ३०० ग्रॅम दाणा लागते. ११५ नं घेतलेला आहे, म्हणजे २६४ रुपये. ढेप निघते सव्वा किलोच्या आसपास, ती गावातच जनावराला ४० नं जाते, ते ५० वजा केले. बाटली, झाकण, लेबल मिळून १५ आणि लाईट-मजुरी १४. म्हणजे लिटरला २४३ झाले. तीन लिटरला ७३०. मग कुरिअर १५०, खोका-टेप-बबल ३०, ऑनलाईन पेमेंटचे २० कापल्या जातात. उरले १५०.

मजुरीत बाईची मजुरी धरली आहे, माझी आणि मिस्टरची नाही धरली.

वर्धेकर
छान, हे बऱ्याच लोकांजवळ नसते. ढेप वजा केली हे तर फारच बरोबर, घाणेवाले तेच विसरतात आणि मग तेल महाग पडते म्हणून रडतात.

आता ३४ टक्क्याचं बोलू. त्यात तीन वेगळ्या जागचे लोक मिसळले असतील, गावातले, प्रदर्शनातले आणि जाहिरातीतले. गावातला माणूस तर सायकलवर येऊन नेतो, त्याच्यासाठी एक रुपया खर्च नाही, तो परत येतो म्हणून जाहिरातवाला परत येईल असं नाही. दुसरं, ४१२ मध्ये मागच्या महिन्यात आलेले किती? त्यांची तर पहिली बाटलीच संपली नसेल, ते परत आले नाही असं कसं म्हणायचं. म्हणून एका मोसमात जाहिरातीतून पहिल्यांदा आलेले लोक एका गटात धरा, आणि पहिल्या तारखेपासून १८० दिवसात कोण किती वेळा आलं एवढंच मोजा. सगळ्यांना सारखी संधी मिळाली पाहिजे.

आता एप्रिल संपत आलं, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये आलेल्या सगळ्यांचे १८० दिवस पूर्ण झाले. तेवढाच गट घ्या. ऑक्टोबरनंतरचे सध्या बाजूला ठेवा.

कलमवाला_वरूड
माझा पण एक प्रश्न आहे दादा. आमची शेंदूरजनाघाटला संत्र्याची नर्सरी आहे. मले कोणी सांगितलं की रिपीट गिऱ्हाईक ३० टक्के पाहिजे नाही तर धंदा बुडते. माझा माणूस एकदा ३०० कलमा नेते आन् पुढचे पंधरा-वीस वर्ष तिकडे पाहत नाही. माझं रिपीट तर शून्यावानीच आहे. मंग मी जाहिरातच करू नये काय?

वर्धेकर
भाऊ तुमच्या धंद्याला तो आकडा लागूच नाही. तुमचं जे काही सुटायचं ते पहिल्याच विक्रीत सुटते, म्हणून ३०० कलमांवर खर्च जाऊन जे उरते तीच तुमची हद्द, त्याच्या आतच गिऱ्हाईक आणायचं. एक मात्र लिहून ठेवत जा, प्रत्येक नवीन माणसाला विचारायचं की तुम्हाला कोणी पाठवलं. एका बागाईतदारामागून त्याचे दोन साडू येत असतील तर त्या दोघांचा नफा पहिल्याच्या नावावर पडतो. विचारल्याशिवाय तो कधीच दिसणार नाही.

कलमवाला_वरूड
हे पटलं. विचारत नोतो, आता रजिस्टरले एक खाना वाढवतो.

घाणा_समुद्रपूर
वर्धेकर दादा, काल रात्री बसले होते. जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाहिरातीतून ९० जण आले, पण १८० दिवसात परत घेतलेले फक्त ११ दिसून राहिले. म्हणजे १२ टक्के. मिस्टरांना दाखवलं तर ते म्हणाले पाहा मी काय म्हणत होतो. मला तर काही सुचतच नाही, कारण नाव घेऊन सांगता येते मला की अमुक बाई दर दीड महिन्याला मागवते.

वर्धेकर
हा आकडा वेबसाईटच्या पॅनेलमधून काढला का?

घाणा_समुद्रपूर
हो तिथूनच.

वर्धेकर
मग ती दीड महिन्यावाली बाई कुठून मागवते?

घाणा_समुद्रपूर
अरे देवा. व्हॉट्सअपवर. "ताई मागच्यासारखंच पाठवा" एवढाच मेसेज येते आणि जीपे करते. ते तर मी वहीत लिहिते, वेबसाईटवर त्याची एन्ट्रीच नाही.

बचतगट_चंद्रपूर
आमचं पण हेच झालं होतं. ओळख झाली की कोणी वेबसाईटवर जातच नाही, सरळ फोन करतात. चांगलं गिऱ्हाईक हिशोबातून गायब आणि एकदाच घेणारे तेवढे कॉम्प्युटरात.

वर्धेकर
हो, बरोबर तेच. पॅनेलवाले आकडे छोट्या धंद्याला म्हणूनच फसवतात. ताई, वही आणि वेबसाईट दोन्ही एका शीटमध्ये आणा. A मध्ये तारीख, B मध्ये फोन नंबर, बाकी काही नसलं तरी सध्या चालते. नावावरून जुळवू नका, एकच घर कधी नवऱ्याच्या नावानं मागवते कधी बायकोच्या. नंबर कुठे +91 लावून असेल कुठे मध्ये जागा सोडून, म्हणून आधी शेवटचे दहा आकडे काढून घ्यायचे. दुसऱ्या ओळीत हे टाकून खाली ओढा:

```
C2: =RIGHT(SUBSTITUTE(B2," ",""),10)
D2: =MINIFS(A:A,C:C,C2)
E2: =A2-D2
F2: =COUNTIFS(C:C,C2,A:A,"<="&A2)
```

D मध्ये त्या माणसाची पहिली तारीख येते, E मध्ये पहिल्या ऑर्डरपासून किती दिवसांनी, F मध्ये ही त्याची कितवी ऑर्डर. मग D जुलै ते सप्टेंबर आणि E १८० किंवा कमी असं फिल्टर लावा आणि F मध्ये २ किती, ३ किती, ४ किती ते मोजा. एकाच दिवशी एकाच नंबरवरून दोन ओळी असतील तर त्या एक करा नाही तर गिनती चुकते. आणि पत्ता एकच पण नंबर दोन असे किती, ते डोळ्यानं पाहावं लागेल, ९० जणांचं होऊन जाते. जाहिरातीतून कोण आलं ते तर तुम्ही वेगळं काढलंच आहे.

दारव्हा_कृषी
मी वाचतोय बरं का सगळं. आमचं कृषी सेवा केंद्र. आमच्याकडे ८० टक्के लोक परत येतात, या हिशोबानं तर मी सोन्यावर बसलो आहे. पण ते परत येतात ते उधारीवर. जूनमध्ये बियाणं-खत नेतात आणि कापूस विकल्यावर देतात, काही दोन सालाचं ठेवून दुसऱ्या दुकानात जातात. मग माझा रिपीटवाला चांगला का वरूडवाल्या भाऊंचा एकदाच नगद घेणारा?

वर्धेकर
तुमच्याकडे ऑर्डर लिहिली त्या दिवशी नाही, पैसा आला त्या दिवशी मोजायचं. न आलेला पैसा शून्य धरा आणि उशिरा आलेल्यातून तेवढ्या महिन्याचं व्याज कापा, मग गिऱ्हाईक-गिऱ्हाइकात केवढा फरक आहे ते दिसेल. आणि तुमची मोजायची मुदत १८० दिवसाची नको, वर्षाची पाहिजे. खरीपवाला माणूस जानेवारीत आला नाही म्हणजे गेला असं होत नाही.

दारव्हा_कृषी
व्याज कधी धरलंच नाही आम्ही. एका सालाची वही काढून पाहतो.

घाणा_समुद्रपूर
झालं. दोन रात्री गेल्या, वहीची काही पानं तेलानं अशी पारदर्शक झाली आहेत की मागची एन्ट्री पुढून दिसते, ती मुलीकडून वाचून घेतली.

जाहिरातीतून आलेले ९०. १८० दिवसात दुसऱ्यांदा घेणारे २७. तिसऱ्यांदा १८, चौथ्यांदा १३, पाचव्यांदा १०, सहाव्यांदा ७. म्हणजे पहिल्यानंतरच्या ऑर्डरी एकूण ७५. ११ चे २७ झाले, सोळा जण व्हॉट्सअपवर बसले होते.

परत घेणाऱ्यात कोणी ५ लिटरचा डबा घेते, कोणी ३ बाटल्या. त्यातले बहुतेक जीपेवाले आहेत म्हणून पेमेंटचे २० जात नाहीत, आणि ५ लिटरला कुरिअर लिटरमागे कमी पडते. सगळं धरून एका परतीच्या ऑर्डरवर सरासरी २४० उरतात.

अकोट_डिजिटल
मग ३० टक्के आला ना रिपीट. फॉर्म्युला आहे त्याचा, १ भागिले (१ वजा ०.३०), म्हणजे एक माणूस सरासरी १.४३ ऑर्डर देतो. हे जगभर वापरतात.

वर्धेकर
फॉर्म्युला खोटा नाही भाऊ, पण तो असं धरून चालतो की प्रत्येक वेळी ३० टक्केच पुढे जातात. ताईंचे आकडे पाहा. पहिल्यावरून दुसऱ्यावर ९० पैकी २७, म्हणजे ३० टक्के. पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर २७ पैकी १८, तीनात दोन. तिसऱ्यावरून चौथ्यावर १८ पैकी १३, त्याहून जास्त. एकदा दुसरा डबा घेतला की माणूस घरचा झाला. म्हणून खऱ्या ऑर्डरी माणशी १६५ भागिले ९०, म्हणजे १.८३ पडतात, तुमच्या १.४३ पेक्षा बऱ्याच जास्त. मोजलेलं असतांना फॉर्म्युल्याच्या मागे लागायची गरज नाही.

आता पैशात पाहू. ७५ ऑर्डरी गुणिले २४०, १८ हजार. ते सगळ्या ९० जणांवर वाटा, न आलेल्यांवर पण. माणशी २००. त्यात पहिल्या ऑर्डरचे १५० मिळवा. सहा महिन्यात एका नवीन माणसाकडून ३५० रुपये उरले.

आणि ३०० खर्च. पण ताई, परत आलेले पार्सल यात धरले का?

घाणा_समुद्रपूर
नाही धरले. कॅश ऑन डिलिव्हरीतले १५ पार्सल परत आले होते त्या तीन महिन्यात. कोणी फोन उचलला नाही, कोणी म्हणे मी मागवलंच नाही. एकात झाकण सैल झालं होतं, आख्खा खोका तेलानं भिजून आला. जाण्यायेण्याचं कुरिअर, खोका आणि थोडं सांडलं ते धरून एका पार्सलमागे २६० गेले.

वर्धेकर
१५ गुणिले २६०, ३९००. भागिले ९०, म्हणजे माणशी ४३ रुपये. हे पण नवीन माणूस आणायचाच खर्च आहे, कारण जुनं गिऱ्हाईक पार्सल परत करत नाही. म्हणजे खरा खर्च ३४३ आणि सहा महिन्यात उरले ३५०. माणशी ७ रुपये.

जाहिरातीच्या ॲपमध्ये तुम्हाला खर्च ३०० पण दिसला नसेल.

घाणा_समुद्रपूर
२५७ दाखवते ते! मला वाटे मीच चुकून राहिली.

वर्धेकर
बरोबर, कारण ते १०५ ऑर्डरी धरते. २७ हजार भागिले १०५. त्याला काय माहीत की १५ डबे फिरून जाम चौरस्त्यावर आले.

अकोट_डिजिटल
बरं पण सहा महिन्यावरच काहून थांबता? ते ७ जण ज्यांनी सहा वेळा घेतलं ते सातव्या महिन्यात बंद करतील काय? तुम्ही वर्षाचं, दोन वर्षाचं धरा. लाईफटाईम म्हणतात ना त्याला. मग ३४३ च काय ४५० पण परवडते.

वर्धेकर
हा मुद्दा तुमचा बरोबर आहे, सहा महिन्यानंतरचा पैसा खराच आहे. पण मी दोन कारणांनी थांबतो. एक, ताईंजवळ जाहिरातीचा सगळ्यात जुना माणूस नऊ महिन्याचा आहे. त्यापुढचं जे काही लिहू ते मनातलं आहे, मोजलेलं नाही. दुसरं कारण रोकड. ९० माणसांवर पहिल्या दिवशी दीडशे प्रमाणे साडेतेरा हजार अडकले, वर ३९०० पार्सलचे. ते हळूहळू सहा महिन्यात निघतात. तेवढ्यात दाण्याचा हंगाम आला आणि हातात पैसे नसले तर दाणा महाग घ्यावा लागते. दाणा किलोमागे १० रुपये वाढला तर लिटरला २३ वाढते, तीन लिटरला ६९, म्हणजे पहिल्या ऑर्डरचे १५० चे ८१ राहतात. मग हा सगळा हिशोब आडवा.

ताई, जुलैवाले तेवढे नऊ महिने पाहून सांगता का?

घाणा_समुद्रपूर
पाहिलं. जुलैत आलेले २८ जण. सातव्या ते नवव्या महिन्यात त्यातल्या ५ जणांनी ११ ऑर्डरी दिल्या.

वर्धेकर
११ गुणिले २४० म्हणजे २६४०, भागिले २८, माणशी ९४. अकोटवाल्या भाऊंचं म्हणणं इथे खरं होते, ३५० वर आणखी ९४ आले. पण ते फक्त ५ घरांवर उभं आहे. त्यातली दोन घरं बदली होऊन गेली किंवा डॉक्टरनं तेल कमी सांगितलं तर तो आकडा अर्ध्यावर येते. सप्टेंबरवाल्यांचे नऊ महिने जूनअखेर भरतील, तेव्हा पूर्ण ९० वर पाहा. तोपर्यंत मी तरी यावर पैसे लावणार नाही.

अकोट_डिजिटल
मी लावले असते. धंद्यात थोडं पुढचं धरावंच लागते. पण पैसा त्यांचा आहे, मान्य.

बचतगट_चंद्रपूर
ताई तुम्ही प्रदर्शनात जात नाही का? आमचं निम्मं गिऱ्हाईक तिथलंच आहे. माणूस तेल हातावर घेऊन वास पाहते, भजं खाते, मग कुठे विश्वास बसते. मोबाईलवर वास येत नाही.

घाणा_समुद्रपूर
सप्टेंबरमध्ये नागपूरला गेलो होतो, तीन दिवस. स्टॉलचे ३०००, जाणं-येणं आणि राहणं ४५००, चाखायला दिलेलं १५०० चं, एकूण ९ हजार. ७५ जणांनी घेतलं, बहुतेक एकेक लिटर. नंबर ४८ जणांचेच मिळाले, गर्दीत राहून गेलं. त्यातल्या २६ जणांनी परत मागवलं, म्हणजे ५४ टक्के! त्यांचे १८० दिवसात परतीच्या ऑर्डरी ६०. नागपूरला बसच्या पार्सलनं पाठवते.

वर्धेकर
५४ नका धरू. नंबर न दिलेले २७ जण पण तुम्हीच पैसे खर्चून आणले होते, आणि नंबर देणारा माणूस तसाही जास्त आवडीचा असते. २६ भागिले ७५, ३५ टक्के. तरीही जाहिरातीपेक्षा वर आहे.

खर्च ९ हजार भागिले ७५, माणशी १२०. जागेवर एका लिटरला कुरिअर नाही म्हणून समजा ११० सुटले. परतीच्या ऑर्डरवर किती?

घाणा_समुद्रपूर
त्या छोट्या असतात, २०० धरा.

वर्धेकर
६० गुणिले २००, १२ हजार, भागिले ७५, माणशी १६०. मिळून २७०. खर्च १२०. माणशी १५० उरले, जाहिरातीत ७.

बचतगट_चंद्रपूर
पण दादा त्यात बाईची मेहनत कुठे धरली? दोघं जण, तीन दिवस स्टॉल आणि एक दिवस सामान बांधायचा. आमच्या गटात आम्ही रोजाचे ४०० लावतो. दोघांचे चार दिवस म्हणजे ३२००. घरचं माणूस फुकट असते असं समजून आम्ही दोन वर्ष प्रदर्शनं केली, मग एका बाईनं हिशोब मागितला तेव्हा कळलं.

वर्धेकर
धरायला पाहिजे, तुमचं बरोबर. ३२०० भागिले ७५ म्हणजे ४३. तरी १०७ उरतात. पण मग व्हॉट्सअपवर रोज दोन तास मेसेजला उत्तर देणं पण धरा, ते जाहिरातीच्या खात्यात जाईल आणि ७ चे उणे होतील. यावर माझं मत पक्कं नाही. कंपनीत पगार द्यावाच लागते म्हणून धरतात. घरात तो वेळ दुसऱ्या कामाला लागला असता का, यावर आहे.

बचतगट_चंद्रपूर
लागलाच असता. निंदणाच्या दिवसात बाईला घरी बसून कोण ठेवते. मी तर धरीनच.

घाणा_समुद्रपूर
मला पण धरावं वाटते. पण मग मिस्टर म्हणतील बंदच कर.

आणखी एक राहिलं. दिवाळीत जाहिरात फार स्वस्त पडली होती, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ७६ जण आले आणि माणशी २४० च लागले. मला वाटलं तेव्हाच जास्त टाकायला पाहिजे होते. आणि जानेवारीत रोजचे ६०० करून पाहिले तर ४४ जण आले, माणशी ४०९ पडले. मग परत ३०० वर आणलं.

वर्धेकर
दिवाळीवाल्यांचे १८० दिवस भरले नाहीत, पण १२० दिवस सगळ्यांचे झाले. त्यांच्यात १२० दिवसात दुसऱ्यांदा किती आले, आणि जुलै-सप्टेंबरवाल्यांत त्याच १२० दिवसात किती होते, दोन्ही सांगा. वय सारखं ठेवून तुलना करायची.

घाणा_समुद्रपूर
दिवाळीवाले ७६ पैकी ११. जुलै-सप्टेंबरवाले ९० पैकी २२.

वर्धेकर
१४ टक्के आणि २४ टक्के. दिवाळीत लोकांनी चकली-चिवड्याला किंवा कोणाला द्यायला घेतलं, रोजच्या फोडणीचं तेल बदलायला नाही. माणूस ६० रुपयांनी स्वस्त मिळाला पण परत येणारे जवळपास निम्मे. म्हणून स्वस्त महिना आणि चांगला महिना एक नाही.

जानेवारीचं तर याहून महत्त्वाचं आहे, सरासरी ४०९ पाहू नका. ९ हजारात महिन्याला ३० जण येत होते. १८ हजारात ४४ आले. म्हणजे वरच्या ९ हजारात फक्त १४ जण वाढले, त्या चौदांची किंमत माणशी ६४३ पडली. ज्याला खरंच घाण्याचं तेल पाहिजे तो आधीच्या ३०० मध्ये येऊन गेला, पुढचे पैसे अर्धवट मनाच्या लोकांमागे धावले. अकोटवाल्या भाऊंनी १००० करा म्हटलं होतं, तिथे हेच झालं असतं.

अकोट_डिजिटल
हे मी पाहिलं नव्हतं. माझ्या दोन क्लायंटचं पण सरासरीच पाहतो मी, वाढवल्यावरच्या पैशात किती जण वाढले ते वेगळं काढून पाहीन आज.

घाणा_समुद्रपूर
मग दादा आता हद्द किती ठेवू?

वर्धेकर
मोजलेल्या सहा महिन्यात ३५० येतात. त्यातून पार्सलचे ४३ जातात, राहिले ३०७. घाण्याच्या हप्त्याला आणि घरच्या मेहनतीला माणशी १०० तरी उरावे असं धरलं तर जाहिरातीला २०० च्या वर जायला नको. आज तुम्ही ३०० वर आहात. एक तर जाहिरातीचे १०० कमी करा किंवा माणसाकडून येणारे ३५० आणखी वर न्या.

मला वाटते तुमची जागा दुसऱ्या ऑर्डरची आहे. ९० तले ६३ जण तिथेच गळाले, पुढे फार कमी गळतात. जे २७ आले त्यांची दुसरी ऑर्डर पहिल्यापासून कितव्या दिवशी आली ते E खान्यात पाहा.

घाणा_समुद्रपूर
बहुतेक ३८ ते ५५ च्या मधात. तीन लिटर चार माणसांच्या घरात तेवढंच पुरते. आणि मी मेसेज टाकते ते सणावाराला, सगळ्यांना एकदम.

वर्धेकर
म्हणजे बाटली संपते तेव्हा तुमचा आवाजच नाही, घरचा माणूस किराणा दुकानातून पिशवी घेऊन येते. ३५ व्या दिवशी त्या माणसाला नावानं एक मेसेज करा. पण सगळ्यांना नका करू. ज्याच्या नंबरचा शेवटचा आकडा सम त्याला करा, विषमवाल्याला नाही. दोन-तीन महिन्यांनी दोन्हीकडचे टक्के लावून पाहा, नाही तर मेसेजमुळे आले की तसेही येणार होते ते कळणार नाही.

समजा ३० चे ४० टक्के झाले आणि पुढचे लोक पहिल्यांसारखेच वागले, तर ७५ ऑर्डरीच्या १०० होतील, माणशी २०० चे २६७, एकूण ४१७. पण ढकलून आणलेला माणूस तिसऱ्यांदा पण तेवढाच येईल का, याची मला खात्री नाही. कमीच येईल असं वाटते.

अकोट_डिजिटल
दुसऱ्या ऑर्डरला १०० रुपये सूट द्या ना सोबत.

वर्धेकर
तसेही येणारे २७ आहेत, त्यांना पण ती सूट जाईल, २७०० तिथेच गेले. आधी नुसत्या मेसेजनं काय होते ते पाहू द्या.

घाणा_समुद्रपूर
ठरलं मग. जाहिरात रोजची १५० वर आणते, माणसामागे किती पडते ते पाहते, आणि कॅश ऑन डिलिव्हरीला आधी फोन करून मगच पार्सल काढते. मिस्टरांना ७ रुपयांचा कागद दाखवला. ते म्हणाले तू पण अर्धी बरोबर मी पण अर्धा बरोबर, आणि वहीतल्या नोंदी शीटमध्ये टाकायचं काम स्वतःकडे घेतलं. पुढच्या प्रदर्शनात नंबर लिहायला मुलीला बसवते. सम-विषमचं जुलैत इथेच येऊन सांगीन.

बचतगट_चंद्रपूर
आणि मेहनतीचं?

घाणा_समुद्रपूर
एक खाना टाकला ताई शीटमध्ये. सध्या त्यात तास लिहून राहिली, रुपये नाही.

दारव्हा_कृषी
माझी एका सालाची वही अर्धी झाली. ज्याला मी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक समजत होतो त्याच्या नावापुढे व्याज कापून उणे येऊन राहिलं. पूर्ण झाली की वेगळा धागा काढतो.